नाव न टाकता दवाखाना सापडतो का?

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका दंतवैद्यांचा दवाखाना आहे. डॉक्टर आपल्या खुर्चीत बसून मोबाइलवर दवाखान्याचं नाव गुगलमध्ये टाकतात आणि म्हणतात, "आम्ही तर पहिल्याच नंबरला दिसतो!" ते खरंच आहे, पण त्यावरून फारसं काही कळत नाही. नाव ठाऊक असलेल्या माणसाला दवाखाना सापडणारच. शिवाय गुगल शोधणाऱ्याच्या जवळची ठिकाणं आधी दाखवतं आणि डॉक्टर दवाखान्यातच बसलेले आहेत. रात्री दाढ दुखणारा माणूस नाव टाकत नाही, तो 'रूट कॅनाल कोल्हापूर' असं टाकतो. त्याला हा दवाखाना दिसतो का, एवढंच एसईओ ऑडिटमध्ये तपासायचं असतं. नवशिक्याने त्यासाठी तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट, गुगलच्या नोंदीत वेबसाइट आहे का? शोधपट्टीत `site:` लिहून त्याला जोडूनच वेबसाइटचा पत्ता टाका. एकही पान आलं नाही, तर मुख्य पानाचा सोर्स कोड उघडून त्यात `noindex` असलेली अशी ओळ शोधा:

```
<meta name="robots" content="noindex">
```

'हे पान नोंदवू नका' असा तिचा अर्थ. वर्डप्रेसवर साइट बनवताना, ती अर्धवट दिसू नये म्हणून, सर्च इंजिनांना दूर ठेवणाऱ्या चौकटीत टिक करतात. साइट सुरू झाल्यावर ती काढायची राहून जाते. ही ओळ आहे तोवर बाकीच्या दुरुस्त्यांवर घातलेला वेळ वाया जातो. `site:` मात्र ढोबळ अंदाज देतं. नेमकं उत्तर गुगलच्या मोफत सर्च कन्सोलमध्ये मिळतं. तिथे डॉक्टरांकडून स्वतःसाठी प्रवेश मागावा, त्यांचा पासवर्ड कधीही घेऊ नये.

दुसरी गोष्ट, पान काय सांगतं? ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं शीर्षक वाचा. बऱ्याच साइटवर प्रत्येक पानाला 'Home' किंवा नुसतं दवाखान्याचं नाव असतं. त्याऐवजी 'रूट कॅनाल उपचार, राजारामपुरी, कोल्हापूर' असं शीर्षक असलं, तर गुगललाही कळतं आणि रुग्णालाही. मात्र त्या उपचाराचं स्वतंत्र पान हवं. दहा उपचारांची नावं एका ओळीत कोंबली, तर त्यातल्या एकाचीही नीट माहिती मिळत नाही. फोन नंबर आणि पत्ता चित्रात आहे की मजकुरात, हेही पाहा. चित्रातल्या नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही.

तिसरी गोष्ट, नकाशावरचं गुगल बिझनेस प्रोफाइल. नाव दारावरच्या पाटीवर आहे तसंच हवं. त्यात 'बेस्ट डेंटिस्ट कोल्हापूर' अशी शेपटी जोडणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे प्रोफाइल बंदही पडू शकतं. व्यवसायाचा प्रकार, वेळ, फोन आणि पत्ता वेबसाइटशी जुळवून पाहा. इथली मर्यादा डॉक्टरांना आधीच सांगावी: अंतर आपल्या हातात नसतं. कसबा बावड्यातल्या माणसाला तिथला दवाखाना आधी दिसला, तर तो वेबसाइटचा दोष नाही.

आता ऑडिटची किंमत. पानांच्या संख्येवर नव्हे, तासांवर ती ठरवावी. महिन्याला ४०,००० रुपये हवे असतील आणि ग्राहक शोधणं, हिशेब वगैरे वगळून ८० तास प्रत्यक्ष कामाचे उरत असतील, तर तासाचा दर ५०० रुपये होतो. दहा-बारा पानांच्या साइटसाठी डॉक्टरांशी बोलायला एक तास, तपासणीला तीन, अहवालाला दोन आणि तो समोर बसून समजावायला एक, असे सात तास धरा. त्याचे ३,५०० होतात. प्रवेश मिळवण्यात, जुन्या डेव्हलपरचा फोन लागण्यात वेळ जातोच. त्यासाठी ५०० वाढवून ४,००० सांगा. दुरुस्तीचा दर वेगळा ठेवा आणि तसं लिहून द्या. नाहीतर 'तेवढं शीर्षक बदलून द्या' म्हणता म्हणता सात तासांचे पंधरा होतात.

अहवालात चाळीस चुकांची यादी नको. आधी काय दुरुस्त करायचं, ते कोण करणार आणि किती वेळ लागेल, एवढं दोन पानांत पुरे. पहिल्या क्रमांकाची हमी देऊ नये, कारण गुगलचा क्रम आपण ठरवत नाही.

हमीऐवजी मोजमाप द्यावं. सर्च कन्सोल साइट जोडल्यापासूनचेच आकडे साठवतं, म्हणून ते पहिल्याच दिवशी जोडून घ्या. दुरुस्तीनंतर तीन महिन्यांनी शोधशब्दांची यादी उघडा आणि दवाखान्याचं नाव असलेले शोध गाळून टाका. उरलेल्या यादीत 'रूट कॅनाल', 'दातांचा दवाखाना' असे शब्द आणि त्यांवरचे क्लिक वाढलेले दिसले, तर नाव ठाऊक नसलेला रुग्ण वेबसाइटपर्यंत पोहोचू लागला आहे.