चौदा वर्षांचा अनुभव दीड मिनिटात कसा सांगावा?

मुलाखतीत 'तुमच्याबद्दल सांगा' असं म्हटलं की अनेक अनुभवी माणसंही कॉलेजमधून बाहेर पडताना पाठ केलेलंच उत्तर देतात. नाव, गाव, वडील काय करतात, दहावी-बारावीचे टक्के, मग एकेक नोकरी सालवार आणि शेवटी छंद. नवख्या उमेदवाराकडे सांगायला शिक्षणच असतं, म्हणून त्याला हे उत्तर चालून जातं. दहा-पंधरा वर्षं काम केलेल्या माणसाचं मात्र यात नुकसान होतं. तो आजच्या कामापर्यंत पोहोचतो तेव्हा तीन-चार मिनिटं उलटून गेलेली असतात आणि समोरच्याचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं असतं.

तुमचा बायोडेटा समोरच्याच्या हातातच असतो. त्याला तपशील पुन्हा ऐकायचे नसतात. या माणसाला आज काय येतं, ते तो कुठे शिकला आणि आमच्याकडे का येतोय, हे त्याला हवं असतं. उत्तराचा क्रमही तोच ठेवावा: आधी आज, मग काल, मग उद्या. एक ते दीड मिनिट पुरतं. त्यातला निम्मा वेळ 'आज'ला द्यावा.

तयारी जाहिरातीपासून सुरू करावी. समजा, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्या, चौदा वर्षं अनुभव असलेल्या इंजिनिअरने दुसऱ्या कंपनीच्या नव्या प्लांटसाठी अर्ज केला आहे. जाहिरातीत दहा-बारा अपेक्षा आहेत, पण त्यातल्या तीन मुख्य: पुरवठादारांकडून चांगला माल मिळवणं, ग्राहकांच्या तक्रारी कमी करणं आणि नवी टीम उभी करणं. उत्तरात याच तीन गोष्टींना जागा. बाकीचं कितीही अभिमानाचं असलं तरी बाजूला ठेवायचं. त्याचं उत्तर असं होईल:

"सध्या मी क्वालिटीत डेप्युटी मॅनेजर आहे. ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन लाइन आणि आठ जणांची टीम माझ्याकडे आहे. बाहेरून येणाऱ्या कास्टिंगमधल्या दोषांमुळे ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या होत्या. तीन पुरवठादारांकडे जाऊन आम्ही तपासणीची पद्धत बदलली. त्याचं नियोजन माझं होतं. महिन्याला सात-आठ तक्रारी यायच्या, त्या दीड वर्षात दोनवर आल्या. सुरुवात मी लाइन इन्स्पेक्टर म्हणून केली. पाच वर्षं मशीन शॉपमध्ये होतो, त्यामुळे दोष नेमका कुठे तयार होतो हे जागेवर ओळखता येतं. पुढची चार वर्षं पुरवठादारांचंच काम पाहिलं. आता मला टीम आणि पद्धती पहिल्यापासून उभ्या करायच्या आहेत. तुमच्या नव्या प्लांटमध्ये ते काम आहे, म्हणून अर्ज केला."

सावकाश बोललं तरी हे साधारण मिनिटभरात संपतं. यात शाळा नाही, कुटुंब नाही, आणि 'मी मेहनती आहे' असं कुठेही म्हटलेलं नाही. तक्रारी सात-आठवरून दोनवर आल्या, हे सांगितल्यावर त्याची गरज उरत नाही. आकडा मात्र तोच सांगावा ज्याचा हिशेब विचारल्यावर देता येईल, आणि जो सांगितल्याने सध्याच्या कंपनीची गुप्त माहिती उघड होणार नाही. 'आम्ही' आणि 'मी' यांतला फरकही इथे जपलेला आहे. टीमचं काम टीमच्या नावावर आहे, पण स्वतःचा वाटा झाकलेला नाही. नुसतं 'आम्ही' म्हणत राहिलं तर तुम्ही काय केलंत हे कळत नाही. सगळंच 'मी' म्हटलं तर विश्वास बसत नाही.

'उद्या'चा भाग बहुतेकांचा कच्चा राहतो. तिथे पगार, साहेब किंवा रखडलेलं प्रमोशन काढू नये. नव्या कामात काय करायचं आहे, तेवढंच बोलावं. मध्ये वर्षभर नोकरी नसेल तर तेही लपवू नये: "आईच्या आजारपणामुळे एक वर्ष घरी होतो, नंतर पुन्हा याच कामात आलो," एवढं वाक्य पुरे.

ऐकणारा कोण आहे, हेही पाहावं. एचआरच्या माणसाला कास्टिंगचे बारकावे नकोत; टीम आणि बदलाचं कारण त्याला जास्त उपयोगी. प्लांट हेडपुढे तांत्रिक भाग वाढवावा. म्हणूनच उत्तर शब्दशः पाठ करू नये. पाच-सहा मुद्दे लिहावेत, ज्या भाषेत मुलाखत होणार त्याच भाषेत मोठ्याने बोलावेत आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐकावेत. दोन मिनिटांपुढे गेलं तर आधी 'काल' कापावा.

उत्तर जमलं की नाही, हे मुलाखतीतच कळतं. "बरं, पण सध्या तुम्ही नेमकं काय करता?" असं विचारलं गेलं, तर मुद्दा पोहोचला नाही. "त्या पुरवठादारांना पद्धत बदलायला कसं तयार केलंत?" असा प्रश्न आला, तर पुढची मुलाखत तुमच्या सर्वांत भक्कम कामावर सुरू झाली आहे.