आठच्या औषधफेरीत चुका कुठून येतात?

अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत आणि शुश्रूषागृहांत २,५५६ डोस तपासले गेले आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. संशोधकांनी त्यांपैकी ४५७ डोस चुकल्याचे ठरवले. मग प्रश्न आला, की या चुका कोणत्या पद्धतीने हाती लागतात? नर्सच्या सोबत उभे राहून पाहणाऱ्या निरीक्षकांना त्यातल्या ३०० सापडल्या. रुग्णांचे कागद चाळणाऱ्यांना १७ सापडल्या. आणि ज्या नोंदवहीत कर्मचाऱ्यांनी आपणहून चूक लिहायची असते, तिच्यात सापडली एक.

वॉर्डातल्या औषधांच्या चुका कमी करायला निघालेल्या कोणीही हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. ‘आमच्या वॉर्डात महिन्याला एखादीच चूक होते’ असे इनचार्ज सिस्टर सांगतात तेव्हा त्या खोटे बोलत नसतात. त्या नोंदवहीतला आकडा सांगत असतात. डॉक्टरांनी औषध बरोबर लिहिले, दुकानातून बरोबर आले आणि रुग्णाला देताना मात्र चुकले, तर त्या शेवटच्या टप्प्यानंतर चूक पकडायला कोणी उरत नाही. चुकलेला डोस गिळला जातो, चार्टवर सही होते, आणि बहुतेक वेळा रुग्णाला काही होतही नाही. म्हणून तो कोणाला दिसत नाही.

अशा चुका कमी करण्यासाठी जगभरातली रुग्णालये ‘पीडीएसए’ नावाची पद्धत वापरतात. योजना आखायची, छोट्या प्रमाणावर करून पाहायची, काय घडले याचा अभ्यास करायचा आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवायचे. असे एकामागून एक फेरे घ्यायचे. वॉल्टर शूहार्ट आणि एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन तज्ज्ञांनी कारखान्यांतल्या मालाच्या दर्जासाठी मांडलेला हा विचार पुढे रुग्णालयांत आला. तो प्रत्यक्ष कसा चालतो हे पाहण्यासाठी एक वॉर्ड कल्पू या: तीस खाटांचा पुरुष मेडिसिन वॉर्ड आणि सकाळची आठची औषधांची फेरी. पुढे येणारे वॉर्डाचे आकडे पद्धत समजावी म्हणून धरलेले आहेत.

पहिले काम म्हणजे चूक कशाला म्हणायचे ते ठरवणे. यात घाई केली की पुढचे सगळे मोजमाप डळमळते. चार्टवर लिहिले त्यापेक्षा काहीही वेगळे झाले, म्हणजे औषध, मात्रा, मार्ग किंवा रुग्ण बदलला, किंवा डोस राहूनच गेला, तर ती चूक. एका तासाहून जास्त उशीर झाला तर तीही चूक, पण तिची मोजणी वेगळी. नाहीतर उशिरांच्या गर्दीत चुकीच्या इंजेक्शनची नोंद बुडून जाते. आठवड्यातून दोन सकाळी एक फार्मासिस्ट किंवा दुसऱ्या वॉर्डातली अनुभवी सिस्टर फेरीसोबत चालते. दहा रुग्ण, सुमारे पन्नास डोस. तिने आधी चार्ट पाहायचा नाही. दिले ते लिहायचे आणि नंतर चार्टशी ताडायचे. चुकीचे औषध रुग्णाच्या तोंडाशी जाताना दिसले तर मात्र तिने तत्क्षणी थांबवायचे, आणि तरीही ती चूक म्हणूनच मोजायची.

सिस्टरांना हे आधी सांगणे आवश्यक आहे, आणि कागदावर सिस्टरचे नाव लिहायचेच नाही. कोणी पाहत असले की माणूस जास्त काळजी घेतो हे खरे, पण पाचव्या-सहाव्या सकाळपर्यंत निरीक्षकाची सवय होते, कारण आठच्या फेरीत तिच्याकडे बघत बसायला वेळ कोणाला असतो?

पाच आठवड्यांत अशी दहा निरीक्षणे झाली. पन्नास डोसांमागे कधी पाच चुका, कधी अकरा. मध्यक आला आठ. काहीही न बदलता आकडा एवढा खालीवर होतो, हे ध्यानात ठेवायचे. यावरून उद्दिष्ट लिहिले गेले: चार महिन्यांत आठच्या फेरीतला मध्यक आठवरून चारवर आणायचा. ‘औषधे सुरक्षित देऊ’ हे उद्दिष्ट होत नाही, कारण ते पुरे झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

आता बदल कोणता करायचा? सिस्टरांना विचारले तर एकमुखाने उत्तर येते, की सारखे मध्ये थांबवतात. ‘सिस्टर, सलाईन संपलं.’ ‘सिस्टर, डिस्चार्जचा कागद?’ या तक्रारीला भक्कम आधार आहे. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ नर्सांना औषधे देताना पाहिले गेले आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष आले. निम्म्याहून जास्त वेळा औषध देताना व्यत्यय आला होता, आणि प्रत्येक व्यत्ययासोबत चुकांचे प्रमाण साधारण बारा टक्क्यांनी वाढलेले दिसले.

म्हणून पहिला फेरा व्यत्ययांवर. योजना अशी: एका सकाळी, एका सिस्टरने, दहा रुग्णांची औषधे देताना ‘औषधे देत आहे, थांबवू नका’ असे लिहिलेला लाल एप्रन घालायचा. आणि अपेक्षा आधीच लिहून ठेवायची: पन्नास डोसांमागे साधारण २४ व्यत्यय येतात, ते १२ वर येतील. ही ओळ अनेक जण गाळतात, आणि मग काहीही घडले तरी ‘बरे झाले’ असे म्हणायची मुभा राहते.

व्यत्यय आले २०. एप्रन फसला. एखादी उत्साही समिती इथे तीस एप्रन शिवून मोकळी झाली असती. आपण एकच शिवला होता, म्हणून नुकसान एका सकाळचे झाले. (सिडनीतही अशा जाकिटांसह केलेल्या प्रयोगात व्यत्यय काहीसे कमी झाले, पण नर्सांना ती गरम आणि अडचणीची वाटली, आणि ती कायम ठेवावीत असे निम्म्याहून कमी जणींना वाटले.)

अभ्यासाचा टप्पा इथे कामाला येतो. एप्रन का फसला? निरीक्षकाच्या कागदावर प्रत्येक व्यत्ययापुढे कारण लिहिलेले होते. त्या वीसपैकी नातेवाइकांनी केलेले होते चार, डॉक्टर आणि सहकाऱ्यांचे तीन, फोनचे दोन. उरलेल्या अकरा वेळा सिस्टरला कोणीच थांबवले नव्हते. ती स्वतःच ट्रॉली सोडून गेली होती: खणात गोळी नव्हती म्हणून, औषध नातेवाइकाच्या पिशवीत होते आणि नातेवाईक चहाला गेला होता म्हणून, फ्रीजची किल्ली दुसरीकडे होती म्हणून. परत आल्यावर आपण कोणत्या औषधावर होतो हे तिला पुन्हा आठवावे लागत होते. ज्या व्यत्ययाची सगळे तक्रार करत होते तो लहान निघाला, आणि ज्याला कोणी व्यत्यय मानतच नव्हते तो सर्वांत मोठा.

दुसरा फेरा त्यामुळे वेगळ्याच दिशेने निघाला. रात्रपाळीच्या सिस्टरने सकाळी सहाला त्या दहा रुग्णांचे खण चार्टशी ताडायचे आणि नसलेली औषधे मागवायची. अपेक्षा होती की ट्रॉली सोडून जाणे अकरावरून तीनवर येईल. ते चारवर आले. पण या कामात पंचवीस मिनिटे गेली आणि सहाचे रक्ताचे नमुने उशिरा निघाले. एका जागी सुधारले आणि दुसऱ्या जागी बिघडले, म्हणून फेरीला लागणारा वेळ आणि रक्तनमुन्यांची वेळ हेही सुरुवातीपासून मोजायचे असते. निर्णय: कल्पना ठेवायची, वेळ बदलायची.

तिसऱ्या फेऱ्यात हेच काम आदल्या दुपारी चारला हलवले. तोवर डॉक्टरांचा राउंड झालेला असतो, नवी औषधे लिहिलेली असतात, फार्मसी उघडी असते आणि नातेवाइकाला दुकानात जायला वेळ असतो. तीन दिवस, दोन सिस्टर, फार्मासिस्ट सोबत. सकाळी ट्रॉली सोडून जाणे तीनवर आले आणि नमुने वेळेवर निघाले. संध्याकाळनंतर लिहिलेली औषधे मात्र सुटत राहिली, तेवढ्यांसाठी चार्टच्या कडेला खूण करायची ठरली. चौथ्या फेऱ्यात नातेवाइकांचा प्रश्न घेतला: आठ ते पावणेनऊ एका मावशींनी वॉर्डात फिरत राहायचे, सलाईन संपल्याचे मोकळ्या सिस्टरला सांगायचे, बाकी निरोप थांबवून धरायचे. पाचवा फेरा मुद्दाम रविवारी घेतला. कमी माणसांत जो बदल टिकत नाही, तो टिकलेला म्हणता येत नाही.

हे सगळे चालू असताना आठवड्यातली दोन निरीक्षणे थांबत नाहीत. प्रत्येक सकाळचा आकडा कागदावर बिंदू म्हणून मांडायचा आणि जुन्या मध्यकाची, म्हणजे आठची, रेघ ओढायची. एका सकाळी पाच आले म्हणून पेढे वाटायचे नाहीत, पाच तर आधीही येत होते. सलग सहा बिंदू रेघेच्या खाली गेले, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता फार थोडी असते. आठवड्याला दोन बिंदू म्हणजे खात्रीला किमान तीन आठवडे. त्याच काळात नोंदवहीतल्या चुका वाढल्या तर घाबरू नये. बहुधा सिस्टरांना लिहायची भीती वाटेनाशी झालेली असते. प्रशासनाने त्या वेळी खुलासा मागणारे एक पत्र काढले, की वही पुन्हा कोरी होते.

ही पद्धत नावापुरती वापरणे फार सोपे आहे. पीडीएसए वापरल्याचे सांगणारे ७३ लेख तपासणारा एक आढावा २०१४ साली आला. एकामागून एक फेरे घेतल्याची पूर्ण नोंद वीस टक्क्यांहूनही कमी लेखांत होती. बहुतेक ठिकाणी एकच मोठा बदल सगळीकडे लागू केला जातो आणि अहवालात त्याला चार अक्षरांचे नाव दिले जाते.

आणि या फेऱ्यांनी न सुटणाऱ्या चुकाही आहेत. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या मिळतात आणि १०० युनिटच्याही, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चे इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. सिस्टर शांतपणे, कोणीही न थांबवता हे करू शकते, आणि खूण बरोबर वाचूनही करू शकते. अशी चूक वर्षात एकदा होईल. पन्नास डोसांच्या निरीक्षणात ती दिसणार नाही, आलेखात उमटणार नाही, पण जीव घेऊ शकते. तिच्यासाठी बिंदू जमण्याची वाट पाहू नये. वॉर्डात एकाच ताकदीचे इन्सुलिन आणि त्याच्याच सिरिंज ठेवाव्यात. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र अँप्युल वॉर्डाच्या कपाटातून काढून फार्मसीत न्यावेत, म्हणजे घाईत दुसऱ्या अँप्युलऐवजी हातात येणार नाहीत.

चार महिन्यांनी मध्यक चारवर आला असे धरू. आता आठवड्याची निरीक्षणे महिन्यातून दोनदा करता येतील, पण बंद करता येणार नाहीत. दुपारी चारचे खण तपासणे कोणाच्या तरी ड्युटीत नावानिशी लिहिलेले हवे. जे काम ‘सगळ्यांचे’ असते ते पहिल्या डेंग्यूच्या साथीत बंद पडते. त्या मावशी रजेवर असतील तेव्हा कोण, हेही लिहिलेले हवे. नव्या सिस्टरांची तुकडी रुजू झाली की त्या आठवड्यात एक जादा निरीक्षण घ्यावे, आणि बिंदू पुन्हा आठच्या रेघेकडे सरकू लागले तर फेरे परत सुरू करावेत: एक सिस्टर, दहा रुग्ण, एक सकाळ.