पाऱ्याला हटवणारा पडदा

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन, हायड्रोजन आणि कॉस्टिक सोडा मिळतो. अडचण त्यानंतरची आहे. क्लोरीन आणि कॉस्टिक एकमेकांना भेटले, तर दोन्ही वाया जातात. त्यांना वेगळं ठेवायचं कसं, यावरच या उद्योगाचा सगळा इतिहास उभा आहे.

1892 च्या सुमारास कास्टनर आणि केल्नर यांनी या कामाला पारा लावला. उतरत्या तळावरून वाहणारा पारा सोडियमला आपल्यात विरघळवून शेजारच्या भांड्यात नेतो. तिथे पाण्याशी गाठ पडली की 50 टक्के तीव्रतेचा, जवळजवळ मीठविरहित कॉस्टिक तयार होतो. रेयॉनवाल्यांना तो फार आवडे. पण पारा थोडा थोडा सांडपाण्यात, गाळात आणि हवेत निसटतच राही.

मिनामाताचा आजार 1956 मध्ये उघडकीस आला. तिथला पारा कॉस्टिकच्या नव्हे, तर अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या कारखान्यातला होता, हे नीट लक्षात ठेवायला हवं. तरी त्या धक्क्यानेच जपानने 1973 मध्ये पाऱ्याचे सेल बंद करायचं ठरवलं. आधी जुन्या डायफ्रॅम सेलकडे वळून पाहिलं, पण त्यांच्या कॉस्टिकमध्ये मीठ उरे आणि ते रेयॉनला चालत नसे. 1975 मध्ये नोबेओका इथे असाही केमिकलने मेम्ब्रेन सेलचा कारखाना सुरू केला, तेव्हा वाट सापडली. 1986 पर्यंत जपानमधला शेवटचा पाऱ्याचा सेल थांबला.

हे मेम्ब्रेन म्हणजे टेफ्लॉनच्या जातकुळीतला, मिलिमीटरहूनही पातळ पडदा. त्याच्या अंगातच ऋणभार पक्के बसवलेले असतात. त्यामुळे धनभारित सोडियम पलीकडे जातो, पण कॉस्टिकमधला ऋणभारित हायड्रॉक्साइड मागे ढकलला जातो. हा अडसर मजबूत व्हावा म्हणून कॉस्टिकच्या बाजूला कार्बोक्सिल गटांचा वेगळा थर देतात. खरी करामत त्या थराची आहे. कॉस्टिक सुमारे 32 टक्क्यांचाच मिळतो आणि तो 50 पर्यंत आटवायला वाफ लागते. तरी पाऱ्याच्या मानाने सेलमधली वीज साधारण पाव हिश्शाने वाचते. पाऱ्याचा धोका टळला, शिवाय वीजबिल उतरलं. म्हणूनच कायद्याची सक्ती नसलेल्या ठिकाणीही नवे कारखाने मेम्ब्रेनचेच उभे राहिले.

पडदा मात्र नाजूक आहे. हजार लिटर मिठाच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून नेहमीच्या शुद्धीकरणानंतर ते पाणी रेझिनमधूनही गाळतात. तिथे हयगय झाली, तर कॅल्शियम पडद्याच्या आत कॉस्टिकला भेटतो आणि तिथेच त्याचा साका बसतो. मग तेवढ्याच विजेत कॉस्टिक कमी निघतो. मॅग्नेशियममुळे सेलचा व्होल्टेज चढतो. क्लोरीनमध्ये ऑक्सिजन वाढू लागला, तर हायड्रॉक्साइड पडद्यातून मागे येतोय असं समजावं. पडद्याला भोक पडून क्लोरीनमध्ये हायड्रोजन मिसळला, तर स्फोटाची भीती असते. तेव्हा सेल बंद करण्यावाचून इलाज नाही.

मिनामाताच्याच नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाऱ्याचे सेल बंद करण्यासाठी 2025 ची मुदत घातली.