पार्श्वभूमी पडताळणीच्या अहवालातून तीन याद्या

नव्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासणारी संस्था कंपनीकडे जो अहवाल पाठवते, त्याच्या पहिल्या पानावर सारांश असतो. ओळख, पत्ता, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, न्यायालयीन नोंदी असे रकाने आणि प्रत्येकासमोर एक रंग. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गंभीर तफावत, आणि मधला पिवळा, ज्याला एचआर विभागात ‘अँबर’ म्हणतात. पुढच्या पानांवर पुरावे जोडलेले असतात: विद्यापीठाचे उत्तर, जुन्या कंपनीचा ईमेल, घराचा फोटो, न्यायालयीन शोधाचा निकाल. एचआरमधल्या ज्या व्यक्तीला यावरून निर्णय घ्यायचा असतो, तिच्यासाठी या सामग्रीच्या तीन याद्या केल्या जातात: पडताळणी झालेल्या बाबी, पडताळणी न झालेल्या बाबी आणि तफावत आढळलेल्या बाबी.

रंग थेट यादीत उतरवून हे काम होत नाही. अडचण मुख्यतः पिवळ्याची आहे. जुन्या कंपनीने उत्तरच दिले नाही तरी पिवळा, आणि हुद्दा थोडा वेगळा निघाला तरी पिवळा. पहिल्या प्रसंगी उमेदवाराविरुद्ध काहीही सापडलेले नसते. दुसऱ्या प्रसंगी त्याने लिहिलेल्या माहितीपेक्षा वेगळी माहिती हाती आलेली असते. या दोन्ही गोष्टी एका रंगाखाली राहिल्या, की बंद पडलेल्या कंपनीत प्रामाणिकपणे काम केलेला माणूस विनाकारण संशयात सापडतो. हिरवाही डोळे झाकून घेण्यासारखा नसतो. तारखांत किती दिवसांचा फरक चालवून घ्यायचा, हे अनेकदा कंपनी आणि पडताळणी संस्था यांच्या करारात ठरलेले असते. त्या मर्यादेत बसणारा फरक सारांशात हिरवा होतो आणि आतल्या पानावर तसाच पडून राहतो.

म्हणून वर्गवारी रकान्याची न करता एकेका दाव्याची करावी लागते. ‘मागील नोकरी’ हा एक रकाना असला, तरी त्यात रुजू होण्याची तारीख, सोडण्याची तारीख, हुद्दा, पगार आणि सोडण्याचे कारण असे किमान पाच दावे असतात. कामाची सुरुवात अहवालापासून न करता उमेदवाराने भरून दिलेल्या फॉर्मपासून करणे चांगले. फॉर्ममधला प्रत्येक दावा सुटा लिहून काढायचा आणि मग त्याचे उत्तर अहवालात शोधायचे. उलट क्रमाने गेले, तर संस्थेने ज्याची चौकशीच केली नाही ते दावे नजरेतून सुटतात. करार शेवटच्या दोन नोकऱ्यांपुरता असेल, तर तिसरी नोकरी अहवालात दिसणारच नाही. पण उमेदवाराने ती लिहिली आहे, तेव्हा ती ‘पडताळणी न झालेल्या’ यादीत ‘चौकशीच्या कक्षेबाहेर’ या कारणासह यायला हवी.

एक नमुना उदाहरण घेऊ. लेखापाल म्हणून निवड झालेल्या उमेदवाराने फॉर्ममध्ये लिहिले आहे: पहिल्या कंपनीत 4 जून 2018 ते 31 मार्च 2021, हुद्दा सीनियर अकाउंटंट, वार्षिक पगार 4 लाख 20 हजार. दुसऱ्या कंपनीत 5 एप्रिल 2021 पासून दोन वर्षे. अहवालाच्या सारांशात पहिली नोकरी पिवळी आहे, दुसरीही पिवळी आहे.

पहिल्या कंपनीच्या एचआरने स्वतःच्या अधिकृत ईमेलवरून कळवले आहे की, उमेदवार 4 जून 2018 ला रुजू झाला, कामाचा शेवटचा दिवस 26 फेब्रुवारी 2021, हुद्दा अकाउंटंट, आणि पगाराची माहिती धोरणानुसार दिली जात नाही. एका पिवळ्या रकान्यातून इथे तिन्ही याद्यांना नोंदी मिळतात. रुजू होण्याची तारीख पहिल्या यादीत जाते. पगार दुसऱ्या यादीत जातो, कारण माहिती न देणे म्हणजे दावा नाकारणे नव्हे. सोडण्याची तारीख आणि हुद्दा तिसऱ्या यादीत जातात. तारखेची नोंद साधारण अशी होईल: ‘पहिली नोकरी, सोडण्याची तारीख. फॉर्ममध्ये 31 मार्च 2021. कंपनीकडून 26 फेब्रुवारी 2021. एचआर विभागाचा ईमेल. परिशिष्टाचे पान 9.’ दोन्ही तारखा शेजारी शेजारी, उत्तर कोणी आणि कोणत्या मार्गाने दिले ते, आणि पुरावा कुठे आहे ते. ‘उमेदवाराने खोटी तारीख दिली’ हे वाक्य त्या नोंदीत येता कामा नये. रिलीव्हिंग लेटर हिशेब पूर्ण झाल्यावर 31 मार्चला मिळाले असेल आणि उमेदवाराने तीच तारीख लिहिली असेल. कदाचित मधला महिनाभराचा खंड झाकायचाही असेल. अहवालावरून यातले काहीच ठरत नाही.

दुसरी कंपनी बंद झाली आहे. संस्थेचा माणूस पत्त्यावर गेला, तिथे दुसरेच दुकान होते. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातला सेवा-इतिहास उपयोगी पडतो. त्यात कंपनीचे नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. उदाहरणातल्या उमेदवाराच्या सेवा-इतिहासात ही कंपनी आणि एप्रिल 2021 ची तारीख आहे. म्हणून नोकरी केल्याचा आणि रुजू होण्याचा दावा पहिल्या यादीत जातो, मात्र आधार ‘कंपनीचे उत्तर’ नसून ‘भविष्य निर्वाह निधीची नोंद’ आहे, हे स्पष्ट लिहून. हुद्दा त्या नोंदीत नसतो, तो दुसऱ्या यादीत राहतो. सेवा-इतिहासात नोकरी दिसली नाही, तरी तेवढ्यावरून ती तफावत ठरवता येत नाही, कारण प्रत्येक आस्थापना आणि प्रत्येक कर्मचारी या योजनेत असतोच असे नाही.

उत्तर कोणाकडून आले हे पाहणेही तितकेच गरजेचे आहे. उमेदवारानेच दिलेल्या मोबाइल क्रमांकावर बोलून किंवा कोणालाही उघडता येणाऱ्या मोफत ईमेल खात्यावरून ‘होय, इथे काम केले आहे’ असे उत्तर मिळाले असेल, तर सारांशात हिरवा असला तरी तो दावा दुसऱ्या यादीतच ठेवावा. उत्तर देणाऱ्याची ओळख तपासलेली नसते.

न्यायालयीन नोंदींत सर्वांत जास्त जपावे लागते. शोध मुख्यतः नावावरून होतो, आणि महाराष्ट्रात एकाच जिल्ह्यात तेच नाव आणि तेच आडनाव असलेली कितीतरी माणसे सापडतात. वडिलांचे नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय सापडलेला खटला उमेदवाराचा मानता येत नाही. तोपर्यंत ती ‘संभाव्य जुळणी’ असते आणि तिची जागा दुसऱ्या यादीत आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांबाबत उलट धोका असतो. शोध फक्त सासरच्या नावावर झाला असेल, तर ‘नोंद आढळली नाही’ हे उत्तर माहेरच्या नावापुरते लागू होत नाही. शैक्षणिक प्रमाणपत्रावरचे माहेरचे नाव मात्र तफावत नव्हे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडली की ती बाब पहिल्या यादीत येते.

याद्या पूर्ण झाल्या की मोजणी करावी. फॉर्ममधून काढलेले दावे जितके, तितक्याच नोंदी तिन्ही याद्यांत मिळून भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर काही सुटले आहे, जास्त भरल्या तर एकच दावा दोन ठिकाणी गेला आहे. दोन दावे सुटे सुटे बरोबर ठरूनही एकमेकांशी विसंगत असू शकतात, उदाहरणार्थ एकाच काळात दोन पूर्णवेळ नोकऱ्या. अशी विसंगती तिसऱ्या यादीच्या खाली वेगळी लिहावी, म्हणजे मोजणी बिघडत नाही.

तफावत किती गंभीर आहे, हे याद्या करणाऱ्याने ठरवायचे नसते. ते एचआरमधल्या निर्णय घेणाऱ्याचे काम आहे, आणि त्याने तिसऱ्या यादीतल्या प्रत्येक नोंदीवर उमेदवाराचे लेखी म्हणणे मागवल्याशिवाय ऑफर रद्द करू नये.