एकाला जत्रा, एकाला ओसरी

इचोड्यातलं एक जोडपं डोळ्यांसमोर आणा. त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. सकाळी नऊपासून कुणी उधारी मागतो, कुणी फवारणीचं औषध विचारतो, कुणी नुसता बसायला येतो. ती घरात शिवणयंत्रावर ब्लाउज शिवते आणि दिवसभर फारसं कुणाशी बोलणं होत नाही. संध्याकाळी तो ओसरीवर गप्प बसतो. तिला वाटतं, आता तरी बहिणीकडे जाऊन यावं, रविवारी कुंतलाचा धबधबा पाहावा, पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत फिरावं. तो म्हणतो, “तू जा.” ती म्हणते, “तुम्हाला माझी माणसं आवडतच नाहीत.”

घरोघरी थोड्याफार फरकाने हेच बोलणं होतं आणि त्याच्या मुळाशी चार समज असतात.

गैरसमज 1 : ज्याला घरी राहायला आवडतं, तो माणूसघाणा किंवा लाजाळू असतो.

वस्तुस्थिती : लाजणं वेगळं आणि कमी माणसांत रमणं वेगळं. जोनाथन चीक आणि अर्नोल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजल्या. लाजाळू माणसाला मिसळायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने तो मागे राहतो. कमी माणसांत रमणाऱ्याला धास्ती नसते, त्याला थोडी माणसं पुरतात.

आपला दुकानदार गिऱ्हाइकांशी दिवसभर मोकळेपणाने बोलतो, म्हणजे तो लाजाळू नाही. ओळखायचं कसं? कार्यक्रमाला जाण्याआधी छातीत धडधडतं, पोहोचल्यावर बोलताना शब्द अडतात, घरी आल्यावर ‘मी काय बोललो’ हेच मनात घोळत राहतं, असं असेल तर ती भीती आहे आणि तिच्यावर उपचार होतात. तिथे छान गप्पा मारून आल्यावर नुसतं शांत पडावंसं वाटत असेल, तर तो स्वभाव आहे. त्यावर उपचार शोधायची गरज नाही.

गैरसमज 2 : बोलक्या माणसाला गर्दीतून शक्ती मिळते, शांत माणसाची तिथे संपते.

वस्तुस्थिती : हा समज फार पसरलेला आहे, पण अभ्यास वेगळं सांगतात. माणसांत मिसळून बोलताना शांत स्वभावाच्या लोकांनाही त्या क्षणी बरंच वाटतं. 2013 साली जॉन झेलेन्स्की आणि सहकाऱ्यांना दिसलं, की आपल्याला तिथे किती मजा येईल याचा अंदाज शांत माणसं आधी कमीच बांधतात. फिनलंडमध्ये सोइंटू लेइकास आणि विले-युहानी इल्मारिनेन यांच्या 2017 च्या अभ्यासात आणखी महत्त्वाचं आढळलं. मिसळताना आनंद वाढतो, पण सुमारे तीन तासांनी थकवा येतो आणि तो बोलक्यांनाही येतो.

म्हणून माणूस कोणत्या स्वभावाचा, एवढं विचारून भागत नाही. आजच्या दिवसात त्याच्या वाट्याला किती माणसं आली, हेही विचारायला हवं. दुकानदाराची जत्रा सकाळी नऊलाच सुरू झालेली असते. शिवणकाम करणारीची संध्याकाळी सहापर्यंत सुरूच झालेली नसते. दोघांची कामं अदलाबदल केली, तर ओसरीवर कोण बसेल हेही काही प्रमाणात बदलेल. जून-जुलैत पेरणीमुळे दुकानात रीघ असते. त्या दिवसांत त्याचा नकार अधिक ठाम होतो, याचं कारण बहुतेक वेळा बायकोचं माहेर नसतं, दुकानातली रीघ असते.

गैरसमज 3 : स्वभाव जुळत नाहीत, म्हणून संसार सुखाचा होणार नाही.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो जोडप्यांच्या माहितीवर 2010 साली एक मोठा अभ्यास झाला. नवरा-बायकोच्या स्वभावांतल्या सारखेपणाचा समाधानाशी संबंध नगण्य निघाला. जोडप्यांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले जॉन गॉटमन सांगतात, की जोडप्यांचे सुमारे 69 टक्के वाद कायमचे असतात. ते मिटत नाहीत, त्यांच्यावर बोलत राहावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचं. पुलंचं मैफलीचं आणि माणसांचं वेड साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सुनीताबाईंनी 1990 साली ‘आहे मनोहर तरी’ या आत्मकथनात दोघांमधली तफावत न लपवता मांडली. 12 जून 1946 ला झालेलं त्यांचं लग्न 12 जून 2000 ला पुलंच्या निधनापर्यंत, 54 वर्षं टिकलं. इतकी वर्षं टिकलं म्हणून सगळं सुरळीत होतं, असा अर्थ कुणी काढू नये. ते पुस्तक वाचताना मला जाणवतं ते हे, की एकाच्या माणसांच्या हौसेची व्यवस्था बहुधा दुसऱ्याला करावी लागते. “चार मित्र येणार आहेत” याचा अर्थ कुणासाठी गप्पा असतो, कुणासाठी दहा कप चहा आणि रात्रीची भांडी. पाहुण्यांचा कंटाळा स्वभावाचा आहे की कामाचा, हे आधी वेगळं करावं.

गैरसमज 4 : तडजोड म्हणजे दोघांनी सगळीकडे बरोबर जायचं आणि अर्ध्यातून उठायचं.

वस्तुस्थिती : अर्ध्यातून उठण्यात दोघांचाही विरस होतो. किनवटच्या एका लग्नाचा हिशेब करून पाहू. आदल्या दिवशी हळद, मग लग्न, दुसऱ्या दिवशी सत्यनारायण. ती हळदीलाच जावेबरोबर बसने निघते. तो लग्नाच्या दिवशी मोटारसायकलने येतो, अक्षता टाकतो, पंगतीत बसतो, वडीलधाऱ्यांना भेटतो आणि चारला निघतो. निघण्याची वेळ घरूनच ठरलेली असते. त्यामुळे तिला तिथे “चला, बसा ना अजून” म्हणावं लागत नाही आणि त्याला घड्याळाकडे पाहत बसावं लागत नाही. “हे का आले नाहीत?” या प्रश्नाचं उत्तर ती एकटीने देत नाही, कारण तो येऊन गेलेला असतो. ती परतल्यावर पहिली संध्याकाळ पाहुण्यांविना.

माहूरच्या प्रवासातही हेच करता येतं. रेणुकामातेचं दर्शन दोघांनी मिळून घ्यावं, दुपारनंतर दत्तशिखर आणि अनसूया तिने सोबतच्या मंडळींबरोबर पाहावं, त्याने मुक्कामावर टेकावं. मात्र त्याने “नको” म्हणण्याऐवजी “आज नको, रविवारी येतो” असं म्हणावं आणि रविवारी खरंच जावं. पुढची तारीख न देता आलेला नकार तिला आपल्याच माणसाने पाठ फिरवल्यासारखा लागतो.

या हिशेबात न बसणाऱ्या दोन गोष्टी

पहिली, अचानक झालेला बदल. पूर्वी चौकात रमणारा माणूस घरात कोंडून घेऊ लागला, झोप-भूक बिघडली, एकटं असतानाही त्याच्या आवडीचं काही गोड लागेना आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तो शांत स्वभाव समजू नका. ते नैराश्य असू शकतं. डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं.

दुसरी, मनाई. “मला घरी राहू दे” ही स्वतःची गरज आहे. “तूही जायचं नाहीस” हा दुसऱ्यावरचा ताबा आहे, त्याला स्वभावाचं नाव देता येणार नाही.

इचोड्याच्या त्या ओसरीवर संध्याकाळी सहाला एवढंच विचारून पाहावं : “आज दुकानात फार माणसं होती का?” आणि त्यानेही विचारावं : “आज दिवसभरात तुझ्याशी कुणी बोललं का?” जायचं की राहायचं, हे मग ठरवावं.