विशेषणांना कात्री

‘मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणारी.’ सहकाऱ्याच्या शिफारसपत्राचा पहिला खर्डा बहुधा असाच असतो. नाव बदलले की कुणालाही चालेल.

समजा, ती गोदामाची हिशेबनीस आहे. मग चारही विशेषणे खोडून एक प्रसंग घालावा: ‘मार्चअखेर वहीतला साठा प्रत्यक्षाशी जुळेना. तिने चलाने गाडीनिहाय लावली, तेव्हा एकच चलान दोनदा नोंदलेले सापडले.’ त्याखाली एकच वाक्य: ‘चूक मुळापर्यंत शोधणे ही तिची ताकद.’ वाढदिवसाला तिने आणलेला केक कितीही गोड असो, तो परिच्छेद कापावा.

‘आम्ही शोधले’ असे लिहिले असेल, तर तिचा वाटा वेगळा काढावा. पाठवण्याआधी खर्डा तिला दाखवावा. ग्राहकाचे नाव चुकून राहिले असेल, तर तिला ते चटकन दिसते.