वार अडकली तर नाळ ओढू नका

"बाळ झाल्यावर वार पडत नसेल तर सुईणीने नाळ ओढावी का?" असे एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे. उत्तर एका शब्दात 'नाही' असे आहे. पण का नाही, हे समजण्यासाठी १९९६ सालचा एक प्रसंग सांगतो.

मी तेव्हा देवगाव फाट्यावर दवाखाना चालवत होतो. एका पहाटे जवळच्या आखाड्यावरून बोलावणे आले. बाळंतिणीचे हे तिसरे बाळंतपण. बाळ होऊन तास उलटला होता, वार पडली नव्हती. घरच्यांनी तिच्या तोंडात केस घालून उमासे आणून पाहिले, पोट दाबले आणि शेवटी नाळ ओढली. त्याबरोबर बाई किंचाळली आणि निपचित पडली.

मी पोहोचलो तेव्हा हातपाय गार होते आणि नाडी जेमतेम लागत होती. अंथरुणावर रक्त होते, पण एवढी अवस्था व्हावी इतके नव्हते. पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर बेंबीजवळ नारळासारखा टणक गोळा लागायला हवा, तो लागेना. खाली पाहिले तर योनीमार्गात लालबुंद गोळा, आणि त्याला वार चिकटलेली. गर्भाशय उलटले होते. पिशवीचा तळ धरून ओढला की पिशवी आतून बाहेर येते, तसेच.

हे कसे होते? बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आकुंचन पावते आणि वार सुटते. सुटल्याच्या खुणा दिसतात. थोडे रक्त एकदम येते, नाळ आपोआप लांबते, पोटातला गोळा कडक होऊन वर सरकतो. साधारण अर्ध्या तासात वार पडली नाही तर 'वार अडकली' असे म्हणतात. ती थोडी सुटून थोडी चिकटून राहिली तर रक्तस्राव थांबत नाही. पूर्ण चिकटलेली असेल तर रक्त दिसतही नाही, आणि घरचे निर्धास्त राहतात. गर्भाशय सैल असताना, वार वरच्या भागाला चिकटलेली असताना नाळ ओढली, की तो भागच खाली येतो.

आता त्या बाईचे काय केले ते सांगतो. दोन्ही हातांच्या शिरांत सलाईन लावले. वार तशीच राहू दिली, कारण उलटलेल्या गर्भाशयावरून ती सोडवली तर रक्ताचा लोंढा सुटतो. हातमोजा घालून गोळा तळहातावर घेतला आणि बेंबीच्या दिशेने हळूहळू वर रेटला. जितका उशीर, तितके गर्भाशयाचे तोंड आवळत जाते. म्हणून हे ताबडतोब करावे लागते. गर्भाशय जागेवर बसल्यावर हात लगेच काढला नाही. सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू केले, गर्भाशय हाताभोवती घट्ट झाल्याचे जाणवले, तेव्हाच हात बाहेर घेतला. ऑक्सिटोसिन आधी दिले असते तर तोंड आणखी आवळले असते. मग जीपमधून तिला शहरात नेले. तिथे रक्त चढवले आणि भूल देऊन वार काढली. आठवड्याने ती घरी आली.

हाताने गर्भाशय वर गेले नाही तर इस्पितळात भूल आणि सैल करणारे औषध देऊन पुन्हा प्रयत्न करतात. नाहीतर कोमट सलाईन योनीमार्गात भरून त्याच्या दाबाने ते जागेवर आणतात. तेही जमले नाही तर पोट उघडावे लागते.

नुसती वार अडकली असेल तर क्रम वेगळा. आधी लघवीची पिशवी रिकामी करायची, कारण भरलेले मूत्राशय वार अडवते. सलाईन लावायचे, ऑक्सिटोसिन द्यायचे, रक्ताची सोय करायची. तरीही वार पडली नाही तर भूल देऊन हाताने सोडवायची आणि प्रतिजैविकाचा डोस द्यायचा. निघालेली वार पाण्याने धुऊन तुकडा मागे राहिला नाही ना, हे पाहायचे.

दवाखान्यात बाळ होताच पहिल्या मिनिटात मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन देतात. त्यानंतर प्रशिक्षित व्यक्ती एका हाताने ओटीपोटावरून गर्भाशय वर धरते आणि दुसऱ्या हाताने नाळ सावकाश खाली घेते. पाहणाऱ्याला ते ओढणे वाटते. पण वर धरलेल्या त्या हातामुळेच गर्भाशय उलटत नाही.

वाटेत किंवा घरी बाळंतपण झालेच, तर बाळाला अंगावर पाजायला घ्या, बाईला लघवी करू द्या आणि १०८ ला फोन करा. अर्धा तास वाट पाहत बसू नका. रक्त वाहत असेल तर एक मिनिटही नको. नाळ ओढू नका, तिला दगड किंवा विळा बांधू नका, पोट दाबू नका. बाई अचानक कळवळून गार पडली आणि खाली गोळा दिसला, तर वार तोडू नका. तिला आडवी निजवून पाय उंच करा, अंगावर पांघरूण घाला आणि गाडी येईपर्यंत चहापाणी देऊ नका.